पोटातली गाठ, बाळाचे महिने आणि लघवीची तपासणी : न्यूरोब्लास्टोमा समजून घेऊ या

वाचकहो, या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही एका दुर्मीळ आजाराविषयी लिहीत आहोत. पाश्चात्त्य देशांतील नोंदी पाहिल्या तर पंधरा वर्षांखालच्या दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारण दहा मुलांना तो होतो. एखाद्या अंगणवाडी ताईला किंवा आशाताईला आयुष्यभरात असे एकही मूल दिसणार नाही. तरीही लिहावेसे वाटले, कारण या आजारात घरच्यांकडून दोन उलट्या चुका होतात. ज्या बाळाला वाचवता येते त्याला ‘पसरला आहे, आता काही उपयोग नाही’ म्हणून घरी नेले जाते. ज्या मुलाच्या बाबतीत प्रत्येक आठवडा मोलाचा आहे त्याला मात्र ‘रक्त कमी आहे’ म्हणून महिनोन् महिने टॉनिक पाजले जाते. या दोन्ही चुका टाळायच्या तर आजाराचा स्वभाव कळला पाहिजे.

दोन मुले, एकच नाव

समजावून सांगण्यासाठी आम्ही दोन मुलांची उदाहरणे घेतो. ती खरी मुले नाहीत, पण अशी मुले दवाखान्यांत येतात.

पहिली शिरपूर तालुक्यातली तीन महिन्यांची मुलगी. आजी रोज तेल लावून अंघोळ घालते. तिला बाळाचे पोट दिवसेंदिवस मोठे आणि टणक लागू लागले. पोटावर आणि पाठीवर कातडीखाली निळसर गोळ्या दिसू लागल्या. सोनोग्राफीत यकृत, म्हणजे लिव्हर, खूप वाढलेले आणि उजव्या मूत्रपिंडाच्या वर एक गाठ दिसली. तपासण्या झाल्यावर निदान झाले, न्यूरोब्लास्टोमा. कर्करोग यकृतात आणि त्वचेत पसरलेला.

दुसरा साक्री तालुक्यातला सव्वातीन वर्षांचा मुलगा. दोन महिन्यांपासून अधूनमधून ताप, चेहरा फिकट, पाय दुखतो म्हणून कडेवर घेण्याचा हट्ट. मग एका डोळ्याभोवती काळेनिळे झाले. पडला असेल असे सगळ्यांना वाटले, पण पडल्याचे कोणालाच आठवत नव्हते. एके दिवशी अंघोळ घालताना आई आपल्या सासूला म्हणाली, ‘‘आत्या, याना पोटमा कडक काय लागस?’’ याच्या पोटात कडक काय लागतंय? यालाही न्यूरोब्लास्टोमाच. कर्करोग हाडांत आणि अस्थिमज्जेत, म्हणजे बोनमॅरोमध्ये, पसरलेला.

दोघांच्या आजाराचे नाव एक, दोघांत तो पसरलेला. तरी त्या तीन महिन्यांच्या मुलीच्या गाठीत घातक जनुकीय बदल नसेल तर ती बरी होण्याची शक्यता खूप मोठी आहे, कदाचित अगदी थोड्या औषधावर. सव्वातीन वर्षांच्या मुलाला मात्र दीड वर्ष चालणारे, कर्करोगातले सर्वांत कठीण उपचार घ्यावे लागतील. चांगल्या केंद्रांतही अशी साधारण निम्मीच मुले वाचतात. हा फरक कुठून येतो, तेच या लेखात पाहू.

ही गाठ येते कुठून?

गर्भात बाळ घडत असताना काही कोवळ्या पेशींपासून पुढे एका खास मज्जासंस्थेच्या पेशी तयार होतात. आपण घाबरलो की छाती धडधडते, घाम फुटतो, रक्तदाब वाढतो. ते काम करणारी ही मज्जासंस्था. तिच्या गाठी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी मानेपासून ओटीपोटापर्यंत असतात. तिचा मोठा भाग प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीत असतो. यांतल्या काही कोवळ्या पेशी परिपक्व न होता वाढतच राहिल्या तर न्यूरोब्लास्टोमा होतो. म्हणून बहुतेक गाठी पोटात सापडतात, काही छातीत किंवा मानेत. आजार मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांचा आहे.

आईने काय खाल्ले, ग्रहण पाहिले का, कोणाची नजर लागली का, याचा याच्याशी काहीही संबंध नाही. फार थोडी उदाहरणे सोडली तर तो आनुवंशिकही नसतो. आईला दोष देणे थांबवा, एवढेच आमचे यावर सांगणे.

पोटाला हात लावल्यावर काय कळते?

लहान मुलाच्या पोटात हाताला काही लागले म्हणजे ती गाठच, असे नाही. बद्धकोष्ठ असेल तर डाव्या बाजूला खाली शौचाचे खडे लागतात. ते दाबले की थोडे दबतात आणि पोट साफ झाल्यावर नाहीसे होतात. हिवतापात किंवा सिकलसेलमध्ये पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढते. ती डाव्या बरगडीखालून सुरू होते आणि श्वासाबरोबर खालीवर होते.

मूत्रपिंडाचा विल्म्स ट्यूमर हा मुलांचा वेगळा कर्करोग आहे. त्याची गाठ बहुधा गुळगुळीत असते, एका बाजूला राहते आणि मूल बाकी खेळते-खाते असते. न्यूरोब्लास्टोमाची गाठ बहुधा दगडासारखी टणक, खडबडीत आणि जागेवर घट्ट बसलेली असते. बेंबीच्या रेषेपलीकडे, दुसऱ्या बाजूलाही ती जाते. मूल मलूल आणि किरकिरे झालेले असते. हे नियम डॉक्टरांच्या हातांसाठी आहेत, घरी निदान करण्यासाठी नाहीत. घरच्यांनी लक्षात ठेवायचे ते एवढेच, की पोट साफ झाल्यावरही राहणारा कडक गोळा दिसला की त्याच आठवड्यात सोनोग्राफी करावी. आणि तो गोळा वारंवार दाबून पाहू नये, तेलाने चोळू नये. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणे किंवा फुगलेल्या पोटावर चटके देणे यांत नुसता वेळ जात नाही, मुलाला इजाही होते.

खानदेशात एक वेगळी अडचण आहे, ती स्पष्ट सांगायला हवी. सिकलसेल आपल्याकडे आदिवासी बांधवांत आढळतो आणि महाराष्ट्रात आपल्या समाजातही आढळतो. फिकट चेहरा, हातपाय दुखणे, पोटात वाढलेला अवयव, ही लक्षणे पाहिली की घरच्यांच्याच नव्हे, डॉक्टरांच्याही मनात पहिल्यांदा तोच येतो. ते बरोबरही आहे. पण मग सिकलसेलची रक्ततपासणी पूर्ण करावी, नुसता अंदाज करून थांबू नये. तपासणीत सिकलसेल नसेल आणि दुखणे चालूच असेल, तर पोटाची सोनोग्राफी झालीच पाहिजे. सिकलसेल असला तरी तो डोळ्याभोवतीचे काळे-निळे वळ किंवा बेंबी ओलांडणारी टणक गाठ यांचे कारण ठरत नाही.

एक लक्षण मात्र तासांचे आहे. चालणारे मूल अचानक पायांतली ताकद हरवून बसले किंवा त्याची लघवी अडली, तर कण्याजवळची गाठ मज्जारज्जूवर दाब देत असू शकते. त्या रात्रीच मोठ्या रुग्णालयात जावे, सकाळची वाट पाहू नये.

लघवी काय सांगते?

न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी अर्धवट घडलेल्या असल्या तरी मूळचे काम विसरलेल्या नसतात. घाबरल्यावर शरीरात जी रसायने सुटतात, त्यांच्याच जातीची रसायने त्या बनवत राहतात. शरीर ती मोडते आणि उरलेले तुकडे लघवीतून बाहेर टाकते. यांतल्या दोन तुकड्यांना थोडक्यात व्हीएमए आणि एचव्हीए म्हणतात. न्यूरोब्लास्टोमा झालेल्या दर दहा मुलांपैकी साधारण नऊ मुलांच्या लघवीत यांतले एक किंवा दोन्ही वाढलेले सापडतात. सुई न टोचता आजाराकडे बोट दाखवणारी ही तपासणी म्हणून मोलाची आहे. उपचार चालू असताना हे आकडे उतरतात का आणि नंतर पुन्हा चढतात का, हेही पाहिले जाते.

पूर्वी चोवीस तासांची लघवी गोळा करावी लागे. लंगोटातल्या बाळाच्या बाबतीत ते फार कठीण. आता बहुतेक ठिकाणी एका वेळचा नमुना चालतो. त्यातल्या क्रिएटिनिन या घटकाशी प्रमाण काढतात, त्यामुळे लघवी पातळ होती की घट्ट होती याने फरक पडत नाही. तान्ह्या बाळाला चिकटणारी छोटी पिशवी लावून नमुना घेतात. नमुना गार ठेवावा लागतो आणि काही प्रयोगशाळा आम्ल घातलेली बाटली देतात. त्या बाटलीतला द्रव पाणी समजून ओतून देऊ नये, त्याला हातही लावू नये.

आता आपल्या जिल्ह्यांची गोष्ट. जळगाव जिल्हा केळीचा. रावेर-यावलच काय, धुळ्यातही बाळाचे पहिले वरचे खाणे बहुतेक कुस्करलेले केळेच असते. केळ्यात त्याच जातीची रसायने नैसर्गिकपणे असतात. तपासणीच्या आदल्या दिवशी मुलाने दोन केळी खाल्ली तर आकडा विनाकारण वाढलेला येऊ शकतो. व्हॅनिला घातलेली बिस्किटे व आइस्क्रीम, चॉकलेट, चहा-कॉफी यांचेही काही पद्धतींत तसेच होते. नवी यंत्रे या चुका पुष्कळ कमी करतात, तरी प्रयोगशाळा दोन-तीन दिवसांचे पथ्य सांगते ते पाळावे. सर्दीचे औषध किंवा नाकात थेंब चालू असतील तर तेही सांगावे.

या तपासणीची मर्यादाही लक्षात ठेवावी. दहातल्या एका मुलाची गाठ ही रसायने पुरेशी सोडतच नाही. म्हणून लघवीचा अहवाल चांगला आला, पण पोटात गाठ आहे, तर तपास थांबवायचा नाही.

जपानने शिकवलेला धडा

ही साधी लघवीची तपासणी सगळ्याच बाळांची का करू नये, हा प्रश्न जपानला पडला होता. १९८५ पासून तिथे देशभर सहा महिन्यांच्या बाळांची तपासणी सुरू झाली. आई लघवीत भिजवलेला कागद टपालाने पाठवायची. आजाराची मुले पूर्वीपेक्षा खूप जास्त सापडू लागली. त्यांच्यावर उपचार झाले आणि ती जवळजवळ सगळी वाचली. मोठे यश वाटले.

पण मोठ्या मुलांत या आजाराने होणारे मृत्यू अपेक्षेइतके कमी होईनात. पुढे कॅनडातील क्युबेकमध्ये पावणेपाच लाखांहून अधिक बाळांचा आणि जर्मनीत वर्षाच्या आसपासच्या सुमारे १५ लाख मुलांचा अभ्यास झाला. दोन्हींचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले आणि एकच सांगत होते : सरसकट तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत. २००४ साली जपानने ही मोहीम थांबवली.

याचा अर्थ असा, की तपासणीत सापडलेल्या अनेक गाठी आपोआप विरून जाणाऱ्या होत्या. त्या कोणाला कळल्याही नसत्या. त्या बाळांवर नाहक शस्त्रक्रिया झाल्या, औषधे दिली गेली. आणि जो आजार तिसऱ्या-चौथ्या वर्षी जीव घेतो तो सहाव्या महिन्यात बहुधा दिसतच नव्हता. म्हणजे बाळाची गाठच वाढून पुढे मोठ्या मुलाचा कर्करोग होतो, असे नाही. पुष्कळदा हे दोन वेगळेच आजार असतात. म्हणून निरोगी बाळाची लघवी तपासत बसण्याची गरज नाही. गाठ किंवा लक्षण दिसले की मात्र ताबडतोब.

अठरा महिने आणि एक जनुक

आजार कसा वागेल हे ठरवताना डॉक्टर पहिला प्रश्न वयाचा विचारतात, तोही महिन्यांत. आज जगभर अठरा महिने ही रेषा मानली जाते. तिच्या आतल्या बाळांत या पेशींना अजून परिपक्व होण्याची किंवा आपोआप मरण्याची संधी असते. सहा महिन्यांखालच्या बाळांत अधिवृक्क ग्रंथीची छोटी गाठ असेल तर चाकूही न लावता लक्ष ठेवता येते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात ८७ पैकी ८३ कुटुंबांनी हा मार्ग घेतला. सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी पुन्हा पुन्हा केली. फक्त १६ बाळांवर पुढे शस्त्रक्रिया करावी लागली आणि तीन वर्षांनंतर सगळी बाळे जिवंत होती. मात्र हे लक्ष ठेवणे म्हणजे घरी बसणे नव्हे, ठरलेल्या तारखांना तपासणीला जाणे आहे.

शिरपूरच्या मुलीचा प्रकार याहून नवलाचा. अठरा महिन्यांखालील बाळात आजार फक्त यकृत, त्वचा आणि अस्थिमज्जेच्या थोड्या भागात पसरला असेल, हाडांत नसेल, तर त्याला वेगळा गट मानतात. यातली पुष्कळ बाळे आपोआप किंवा थोड्या केमोथेरपीवर बरी होतात. धोका असतो तो वेगळाच : वाढलेले यकृत छातीला वर ढकलते आणि तान्ह्या बाळाला श्वास घेता येईना होतो. म्हणून ही बाळे मोठ्या केंद्रात लक्षाखाली हवीत. ‘पसरला आहे’ हा शब्द ऐकून बाळाला घरी आणणे ही इथली सर्वांत दुःखद चूक.

दुसरा प्रश्न जनुकाचा. पेशीत एमवायसीएन नावाचे एक जनुक असते. पेशीने किती वेगाने वाढावे, याच्याशी त्याचा संबंध आहे. निरोगी पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. दर पाच न्यूरोब्लास्टोमांपैकी साधारण एकात या प्रती दहापटीने, कधी शेकड्याने वाढलेल्या असतात. मग पेशीला थांबणे ठाऊकच राहत नाही. १९८३ साली हे जनुक ओळखले गेले आणि पुढे आजाराचे गणितच बदलले. अठरा महिन्यांखालील बाळातही हा बदल सापडला तर वयाचा फायदा बहुतेक संपतो आणि कडक उपचार द्यावे लागतात. म्हणून शिरपूरच्या मुलीबद्दल शेवटचा शब्द हा अहवाल आल्यावरच बोलता येईल.

ही तपासणी रक्तावर नव्हे, गाठीच्या तुकड्यावर होते, आणि तुकडा पुरेसा हवा. इथे आमची एक विनंती आहे : गाठ दिसल्यावर घाईने जवळच सुई घालून घेऊ नका, गाठ काढून टाकण्याची शस्त्रक्रियाही करून घेऊ नका. ही गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसते. आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया असा क्रम पुष्कळदा लागतो. बायोप्सी जिथे उपचार होणार तिथेच झालेली बरी.

साक्रीच्या मुलाचे पुढचे पाऊल

त्या मुलाला आधी धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे. बालरोगतज्ज्ञांची तपासणी, सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या आणि गरज पडल्यास रक्त देणे, हे इथे होते. मग चिठ्ठी घेऊन मुंबईला परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय. तिथे लघवीचे व्हीएमए-एचव्हीए, सी.टी. स्कॅन, दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांतून अस्थिमज्जा, बायोप्सी आणि एमआयबीजी नावाचा स्कॅन. एमआयबीजी हा किरणोत्सारी पदार्थ न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी शोषून घेतात, त्यामुळे हाडांत आजार कुठे कुठे आहे ते दिसते. त्यासाठी आधीपासून आयोडीनचे थेंब देतात. ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचे रक्षण करतात, म्हणून चुकवायचे नाहीत.

उपचार असे : काही महिने केमोथेरपी, गाठीची शस्त्रक्रिया, मग खूप जोरदार केमोथेरपी देऊन मुलाच्याच साठवलेल्या मूळपेशी परत देणे, किरणोपचार आणि शेवटी उरलेल्या पेशींना परिपक्व करणाऱ्या कॅप्सूल. काही देशांत यानंतर प्रतिपिंडांचे औषधही देतात, पण ते फार महाग आहे. एवढे करूनही काही मुलांत आजार परत येतो. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

पण आपल्याकडे आणखी एक कारण आहे, उपचार अर्धवट सुटणे. दोन-तीन केमोनंतर गाठ आकसते, मूल खेळू लागते, पायदुखी जाते. बापाची मजुरी बुडालेली असते, घरी दुसरी मुले असतात. बरा झाला असे वाटून कुटुंब परत येते, आणि काही महिन्यांत आजार पूर्वीपेक्षा हट्टी होऊन उठतो. मूल खेळू लागले म्हणजे पेशी संपल्या, असे नाही. एमआयबीजी, अस्थिमज्जा आणि लघवी, तिन्ही सांगतील तेव्हाच डॉक्टर तसे म्हणतील.

पैशासाठी पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. रेशनकार्ड, मुलाचा जन्मदाखला आणि आधारकार्ड सोबत ठेवावे. मुलाच्या नावात आणि रेशनकार्डावरील नावात फरक असेल तर गावातच दुरुस्त करून घ्यावा, नाहीतर तिथे दिवस जातात. टाटा रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला भेटल्यावर राहण्याची सोयही कळते. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अनेक वर्षे अशा कुटुंबांना आसरा देत आली आहे.

विचारायचे तीन प्रश्न

निदान झाल्यावर घाबरलेल्या आईबापांना काय विचारावे ते सुचत नाही. हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. माझ्या मुलाचे वय या आजाराच्या हिशेबात कोणत्या बाजूला पडते? आजार कुठे कुठे पसरला आहे, हाडांत आहे का? गाठीच्या तुकड्याची एमवायसीएन तपासणी पाठवली का, आणि उत्तर कधी येईल?

ही उत्तरे हातात येईपर्यंत मुलाचे काय होईल हे कोणी सांगू लागले, मग तो नातेवाईक असो की शेजारी, तर त्याचे ऐकू नका. आणि आजीला सांगा, तेल लावताना बाळाच्या पोटाकडे तिचे लक्ष असते तसेच असू द्यावे. शिरपूरच्या बाळाची गाठ पहिल्यांदा तिच्याच हाताला लागली होती.